नोकरी सांभाळून रविवारचा उपदेश

पूर्णवेळ पाळकाचा पगार छोट्या ख्रिस्ती मंडळीला परवडतोच असे नाही. मग रविवारी उपदेश करणारा माणूस इतर दिवशी शाळेत शिकवतो, बँकेत बसतो किंवा कारखान्यात पाळी करतो. ही रीत जुनी आहे. प्रेषित पौल करिंथमध्ये तंबू करण्याचे काम करून राहत होता आणि दर शब्बाथाला सभास्थानात बोलत होता, असे ‘प्रेषितांची कृत्ये’च्या अठराव्या अध्यायात आहे. अडचण वेळेची असते. रोज जेमतेम अर्धा तास मिळतो आणि शनिवारी सकाळचे दोन-तीन तास.

हा वेळ लिहिण्यात जातो असे बाहेरून वाटते. खरे तर तो जातो ‘या रविवारी कशावर बोलू?’ या प्रश्नात. गुरुवारपर्यंत शास्त्रभाग ठरत नाही, ठरलेला बदलला जातो आणि शनिवारी रात्री मोबाइलवर कुणाचा तरी तयार उपदेश शोधला जातो. म्हणून निवडीचे काम आठवड्यातून बाहेरच काढावे. काही चर्चमध्ये वर्षभराच्या शास्त्रपाठांचे कोष्टक असते, ते पाळावे. नसेल तर एकच पुस्तक घेऊन क्रमाने पुढे जावे. मग सोमवारी उठल्यावर भाग समोर असतो.

समजा, या आठवड्यात मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आला. मालक पहाटे मजूर आणतो, मग नऊ, बारा, तीन आणि शेवटी पाच वाजता. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी, एकेक दीनार. सोमवारी आणि मंगळवारी हा भाग फक्त मोठ्याने वाचायचा, मागचापुढचा मजकूर धरून. टीकाग्रंथ उघडायचा नाही, कारण तो आधी उघडला की प्रश्नही त्याचेच होतात आणि मंडळीचे प्रश्न सुचत नाहीत. जाताना-येताना बसमध्ये भाग मनात घोळवता येतो. पहाटे अड्ड्यावर उभे राहणारे मजूर आपल्याकडच्या शहरांतही दिसतात. दुपारपर्यंत तिथे उरलेल्यांत म्हातारे, अशक्त किती असतात, ते पाहिले की पाच वाजताच्या मजुरांचे उत्तर वेगळेच ऐकू येते: आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही.

बुधवारी प्रश्न लिहायचे आणि तेवढ्यांचीच उत्तरे शोधायची. मजुरी त्याच संध्याकाळी का दिली? गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, असा नियम अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. शेवटी आलेल्यांना आधी का दिली? पहिल्यांना ते दिसावे म्हणून. उलट क्रमाने दिली असती तर ते दीनार घेऊन घरी गेले असते आणि कुरकुर झालीच नसती. सर्वांत मोठा धागा मागच्या अध्यायात सापडतो. तिथे पेत्र विचारतो, आम्ही सर्व सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळेल? म्हणजे हा दाखला पहाटेपासून राबणाऱ्यांसाठी सांगितला आहे. जुन्या, निष्ठावान सभासदांनी भरलेल्या मंडळीला तो नेमका लागतो.

गुरुवारी एक वाक्य लिहायचे: ‘देवाची कृपा कामाच्या तासांवर मोजली जात नाही, आणि याचा राग पहिल्यापासून राबणाऱ्यालाच येतो.’ मला हा टप्पा सगळ्यांत मोलाचा वाटतो. वाक्य जमत नसेल तर भाग अजून समजलेला नाही, आणि शनिवारी कितीही लिहिले तरी उपदेश भरकटतो. वाक्य दुसऱ्या एखाद्या भागालाही चालत असेल, जसे ‘देव सर्वांवर प्रेम करतो’, तरीही काम अपुरेच आहे. या वाक्यात न बसणारे सगळे, मग ते कितीही सुंदर असो, गाळायचे. दीनारचा इतिहास, इस्राएल आणि परराष्ट्रीयांचा मुद्दा वहीत राहू द्यावा, पुढे कधी उपयोगी पडेल.

शनिवारी बोलण्याच्या भाषेत लिहायचे, एकदा मोठ्याने वाचून घड्याळ लावायचे आणि वीस मिनिटांच्या वर गेलेले कापायचे. वाचताना जिथे दम लागतो तिथे वाक्य मोडावे. उदाहरण मंडळीच्या रोजच्या जगण्यातले हवे, पण समोर बसलेल्या कुणाची खाजगी गोष्ट त्यात नको.

एखादा आठवडा यातलेही काही होऊ देत नाही. दुहेरी पाळी येते, मंडळीत मृत्यू होतो. त्या वेळी रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायासारखा अवघड भाग रेटू नये. ओळखीचे एखादे स्तोत्र घेऊन दहाच मिनिटे बोलावे किंवा मंडळीतल्या वडिलांना आधीच सांगून ठेवावे.

तुमच्या मंडळीचा उपदेशक नोकरी करत असेल, तर गीतांची निवड, सूचना आणि शास्त्रवाचनाची जुळवाजुळव दुसऱ्या कोणी अंगावर घ्या, आणि शनिवारच्या सकाळी त्याला फोन करू नका.