चकलीच्या फोटोला ‘छान’ भरपूर, ऑर्डर मात्र दोनच. पहिल्या पोस्टमध्ये नेमकं लिहायचं काय?

चकली तळून झाली, पाकिटं भरली, लेबलही चिकटलं. फोटो काढून गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दिवसभरात अंगठे आले, ‘छान’ आलं, ‘मस्त गं ताई’ आलं. ऑर्डर मात्र दोनच, त्यातली एक नणंदेची. घरगुती पदार्थ विकायला काढणाऱ्या कितीतरी जणींचा पहिला दिवस असाच जातो. अशा वेळी खोट चकलीत असेलच असं नाही, बऱ्याचदा ती फोटोखालच्या चार ओळींत असते.

समजा, चार जणींच्या एका बचत गटाने भाजणीच्या चकलीचा नवा ब्रँड काढला. त्यांची पहिली पोस्ट साधारण अशी असते:

“नमस्कार मंडळी! खास तुमच्यासाठी घेऊन येत आहोत आजीच्या हातची चव! अप्रतिम, लाजवाब, एकदा खाल तर पुन्हा पुन्हा मागाल! शुद्ध, घरगुती. संपर्क करा.”

यात ‘चकली’ हा शब्दच नाही. हीच पोस्ट लाडवाखाली टाकली किंवा लोणच्याखाली टाकली, तरी एक अक्षर बदलावं लागणार नाही. आणि ‘संपर्क करा’ म्हणजे कोणाला, कशासाठी? भाव विचारायला फोन करायचा आणि महाग निघाली तर नाही कसं म्हणायचं, या संकोचापायी गावातली माणसं फोनच करत नाहीत. अंगठा देऊन मोकळी होतात.

चव सांगायची तर आधी आपल्याच चकलीकडे बघायला हवं. एक घास घ्यायचा आणि दाताखाली काय होतं ते बोलीत सांगायचं. खुसखुशीत आणि कुरकुरीत हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण खाणाऱ्याला फरक कळतो. चावताना आवाज होतो ती कुरकुरीत. जी अलगद मोडते, तोंडात विरघळत जाते ती खुसखुशीत. हा फरक बऱ्याच अंशी मोहनावर ठरतो. मोहन कमी पडलं तर चकली कडक होते, जास्त झालं तर तेलात फसफसून तुटते. आपली जशी झाली असेल तोच शब्द लिहायचा. ‘खुसखुशीत’ लिहिलं आणि पाकिटातून दाताला लागणारी चकली निघाली, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही. वर पारावर चार जणांना सांगतं ते वेगळंच.

त्यानंतर एक अशी गोष्ट, जी दुकानातल्या पाकिटात सहसा मिळत नाही. या गटाच्या भाजणीत तांदूळ, हरभरा डाळ, मूग डाळ, उडीद डाळ, धने आणि जिरे वेगवेगळे भाजून मग एकत्र दळले जातात. प्रत्येक धान्याला भाजायला लागणारा वेळ वेगळा असतो, म्हणून हा खटाटोप. चकलीला खमंगपणा त्यातूनच येतो. ‘वेगवेगळं भाजून दळलेली भाजणी’ एवढे शब्द पुरे, कारण घरी चकली करणाऱ्या बाईला त्यामागचे कष्ट लगेच कळतात. तेल कोणतं आणि तिखट किती, हे एका वाक्यात आलं की चवीचं सांगून झालं. पूर्ण कृती लिहायची गरज नाही. ‘शुगरवाल्यांना चालते’, ‘वजन कमी होतं’ असलं काही तर लिहूच नये. तळलेल्या चकलीबद्दल ते खरं नाही आणि अन्नाबद्दल दिशाभूल करणारा दावा कायद्यातही बसत नाही.

आता ऑर्डरचा भाग. इथे चवीपेक्षा जास्त चुका होतात, कारण गटाला स्वतःला सगळं माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असेलच असं वाटतं. वाचणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात: केवढ्याला, किती वजन, कुठे मिळणार, कधी मिळणार, पैसे कसे द्यायचे. याची उत्तरं पोस्टमध्येच असली की तो सरळ ‘अर्धा किलो ठेवा’ एवढंच पाठवतो.

ऑर्डरची मुदत मात्र मनाने ठरवू नये. चार जणी, एक सोऱ्या, एक मोठी कढई, एवढ्यावर दोन दिवसांत 20 किलोच चकली होत असेल, तर तेवढीच ऑर्डर घ्यायची आणि तसं लिहायचं. ‘मर्यादित स्टॉक’ या शब्दांवर आता कोणाचा विश्वास उरलेला नाही. ‘या खेपेला फक्त 20 किलो’ यावर बसतो, कारण तो खरा हिशेब आहे.

हे सगळं धरून त्याच गटाची पोस्ट अशी होईल:

*भाजणीची चकली. खुसखुशीत, खमंग, बेताची तिखट.*
डाळी-तांदूळ वेगवेगळे भाजून घरीच दळलेली भाजणी. शेंगदाणा तेलात तळलेली.
पाव किलो 100 रुपये, अर्धा किलो 190 रुपये.
*शनिवारी संध्याकाळी 6 पर्यंत व्हॉट्सॲपवर “चकली, किती किलो, गाव” एवढं पाठवा: 98XXXXXXXX*
सोमवारी आठवडी बाजारात एसटी स्टँडसमोर मिळेल. पैसे तिथेच, रोख किंवा यूपीआय.
या खेपेला फक्त 20 किलो.

ब्रँडचं नाव यात नाही, ते फोटोतल्या पाकिटावर ठळक दिसतं. नव्या नावाला अजून ओळख नसते, म्हणून पहिली ओळ चकलीलाच द्यावी. शिवाय लांब मेसेज व्हॉट्सॲप मध्येच कापतं आणि पुढचं वाचायला बोट दाबावं लागतं. त्यामुळे ‘नमस्कार मंडळी’मध्ये दोन ओळी घालवणं परवडत नाही. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी टाकली की व्हॉट्सॲपवर तो ठळक होतो. ठळक फक्त दोनच ओळी कराव्यात, पदार्थाची आणि ऑर्डरची.

मोबाईल नंबर इंग्रजी आकड्यांत, मध्ये जागा न सोडता लिहावा. फेसबुकवर टाकताना नंबरऐवजी थेट चॅट उघडणारी लिंक देता येते:

```
https://wa.me/9198XXXXXXXX
```

यात 91 नंतर आपला दहा आकडी नंबर येतो. आधी अधिकचं चिन्ह नको, शून्यही नको. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक दाबता येत नाही, तिथे ती प्रोफाईलमध्ये टाकावी लागते. पोस्ट टाकण्याआधी घरातल्या दुसऱ्या फोनवरून लिंक दाबून बघावी. एक आकडा चुकला तर ऑर्डर भलत्याच माणसाकडे जाते आणि गटाला पत्ताही लागत नाही.

फोटोत पाकिटाची मागची बाजूही दिसू द्यावी. घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवसांत खावी आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 आकडी क्रमांक तिथे असायला हवा. हे सगळं कॅप्शनमध्ये कोंबायची गरज नाही.

नंबर चारचौघांत गेला की एखादा भामटाही येतो. ‘पाच किलो पाहिजे, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका,’ असं तो सांगतो. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. गटातल्या ज्या ताईच्या हातात फोन असेल, तिला हे पोस्ट टाकण्याआधीच सांगून ठेवावं.