तुकडा येतो कसा, फिरतो कसा, बसतो कसा

वरून एकेक तुकडा पडतो, तो सरकवून आणि फिरवून योग्य जागी बसवायचा, आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. अलेक्सेई पाजित्नोव यांनी 1984 साली मॉस्कोत तयार केलेल्या टेट्रिसचा नियम एवढाच सांगितला जातो. आज रूढ असलेला त्याचा पट 10 घरे रुंद आणि 20 घरे उंच असतो. तुकडे सात, प्रत्येक चार घरांचा: सरळ काठी म्हणजे ‘आय’, चौरस ‘ओ’, मध्ये टेंगूळ असलेला ‘टी’, पायरीसारखे ‘एस’ आणि ‘झेड’, आणि काटकोनात वळलेले ‘जे’ आणि ‘एल’. पण असा खेळ स्वतः लिहायला बसणाऱ्याला लगेच कळते की या नियमात तीन प्रश्नांची उत्तरेच नाहीत. पुढचा तुकडा कोणता द्यायचा? फिरवायला जागा नसेल तर काय करायचे? आणि तुकडा खाली टेकल्यावर तो पक्का कधी झाला असे मानायचे? ही उत्तरे बदलली की पट आणि तुकडे तेच राहूनही खेळ वेगळा होतो.

पहिला प्रश्न निवडीचा. दर वेळी सातपैकी कोणताही तुकडा सारख्याच शक्यतेने काढणे हा सर्वांत सोपा मार्ग. तो न्याय्य वाटतो, पण खेळणाऱ्याला तसा जाणवत नाही. एक ‘आय’ आल्यावर पुढच्या 12 तुकड्यांत दुसरा ‘आय’ न येण्याची शक्यता या पद्धतीत सुमारे 16 टक्के असते. सलग 30 तुकड्यांत तो न येण्याची शक्यताही जवळजवळ 1 टक्का उरते, म्हणजे काही शे तुकड्यांच्या डावात असा दुष्काळ पडणे मुळीच नवलाचे नाही. चार ओळी एकदम काढण्यासाठी बाजूला खोल चर राखून ठेवलेला खेळाडू मग केवळ वाट पाहून हरतो. निन्टेंडोच्या 1989 सालच्या आवृत्तीत यावर अर्धा उपाय होता: आधीचाच तुकडा पुन्हा निघाला तर एकदा नव्याने निवड करायची. त्यामुळे लागोपाठ तोच तुकडा येणे कमी झाले, पण दुष्काळाला मर्यादा आली नाही.

बॅग रँडमायझर ही मर्यादा घालतो. हाउजीत पिशवीतून काढलेला आकडा परत पिशवीत जात नाही, तसेच इथे आहे. सातही तुकडे एकेकदा पिशवीत घालायचे, पत्त्यांसारखे पिसायचे, एकेक द्यायचा आणि पिशवी रिकामी झाली की पुन्हा भरायची. एका पिशवीत ‘आय’ अगदी पहिला आला आणि पुढच्या पिशवीत अगदी शेवटचा, तर दोघांच्या मध्ये सहा आणि सहा मिळून 12 तुकडे येतात. याहून मोठा खंड पडूच शकत नाही. ‘एस’ आणि ‘झेड’ यांचेही तसेच. एका पिशवीच्या शेवटी ते दोघे आणि पुढच्या पिशवीच्या सुरुवातीला पुन्हा ते दोघे, अशी सलग चारांची रांग लागू शकते, पाचांची नाही. हा बारकावा महत्त्वाचा आहे, कारण आलटून पालटून फक्त हेच दोन तुकडे येत राहिले तर कितीही कुशल खेळाडू शेवटी हरतोच, हे हायडी बर्गिएल यांनी 1997 साली गणिताने सिद्ध केले आहे. निव्वळ यादृच्छिक निवडीत तशी लांबलचक रांग फार दुर्मिळ असली तरी अशक्य नसते. बॅगमध्ये ती अशक्यच होते.

बॅगची किंमतही आहे. सहा तुकडे मोजून ठेवणाऱ्याला सातवा कोणता ते आधीच कळते, आणि सरावलेले खेळाडू हे मोजतातच. जपानमध्ये 1998 साली आलेल्या ‘टेट्रिस: द ग्रँड मास्टर’ या खेळाने मधला मार्ग धरला होता. शेवटचे चार तुकडे लक्षात ठेवायचे आणि निघालेला तुकडा त्यांत असेल तर पुन्हा निवड करायची, पण अशा एकूण चारच संधी. यात थोडी धास्ती टिकते. दोघांच्या शर्यतीत मात्र बॅगच योग्य. शिवाय दोघांनाही तुकड्यांचा एकच क्रम द्यावा, म्हणजे हरणाऱ्याला नशिबाकडे बोट दाखवता येत नाही.

दुसरा प्रश्न फिरवण्याचा आणि खरी गुंतागुंत इथे आहे. समजा ‘टी’ उभा आहे, त्याची पाठ डाव्या भिंतीला चिकटलेली आहे आणि टेंगूळ उजवीकडे आहे. तो आडवा करायचा तर मधल्या घराच्या डावीकडे एक घर लागते आणि तिथे भिंत आहे. निन्टेंडोची 1989 सालची आवृत्ती अशा वेळी सरळ नकार देते. बटण दाबले तरी काही होत नाही. ‘ग्रँड मास्टर’मध्ये तुकडा आधी एक घर उजवीकडे आणि तिथेही मावला नाही तर एक घर डावीकडे सरकवून पाहिला जातो. या सरकण्याला वॉल किक म्हणतात. 2001 सालच्या ‘टेट्रिस वर्ल्ड्स’पासून रुळलेली सुपर रोटेशन सिस्टिम आणखी पुढे जाते. ती प्रत्येक वळणासाठी पाच जागा ठरलेल्या क्रमाने तपासते आणि जी पहिली मोकळी सापडेल तिथे तुकडा ठेवते. टेंगूळ वर असलेला ‘टी’ घड्याळाच्या दिशेने उजवीकडे वळवायचा असेल तर त्या पाच जागा अशा:

```
0→R: (0,0) (-1,0) (-1,+1) (0,-2) (-1,-2)
```

कंसातला पहिला आकडा उजवीकडे किती सरकायचे ते सांगतो, दुसरा वर किती. उणे चिन्ह असेल तर डावीकडे किंवा खाली. शेवटची जागा पाहिली तर तुकडा एक घर डावीकडे आणि तब्बल दोन घरे खाली जातो. याचा उपयोग असा. पटावर तीन घरे खोल, एक घर रुंद चर आहे. चराच्या उजव्या भिंतीत, तळापासून दुसऱ्या ओळीत, एका घराची खाच आहे. चराच्या तोंडावर एक ओळ मोकळी सोडून छपरासारखे एक घर पुढे आलेले आहे. ‘टी’ आडवा करून त्या छपराखाली सरकवला की त्याचे डावे टोक बरोबर चराच्या तोंडावर येते. आता तो वळवला की पहिली जागा चराच्या उजव्या भिंतीवर अडते, दुसरी आणि तिसरी छपरावर, चौथी पुन्हा त्याच भिंतीवर. पाचवी मोकळी असते. ‘टी’ चरात उतरतो, टेंगूळ खाचेत जाते आणि बाकीची घरे भरलेली असतील तर तीन ओळी एकदम निघतात. कोणताही तुकडा सरळ खाली सोडून हे साधत नाही. स्पर्धेतल्या खेळाडूंना ही पद्धत प्रिय आहे ती याच कारणाने.

नवशिक्या प्रोग्रामरची हमखास होणारी चूकही याच तक्त्यात दडलेली असते. तक्ता ‘वर’ला अधिक मानतो, तर संगणकाच्या पडद्यावर ओळी बहुधा वरून खाली मोजतात. दुसऱ्या आकड्याचे चिन्ह उलटायचे राहिले तरी भिंतीजवळची चाचणी बिनबोभाट पास होते, कारण तिथे वर-खाली सरकणे नसतेच. वर सांगितलेला चर रचून पाहिला तरच बिंग फुटते: ‘टी’ खाली शिरण्याऐवजी दोन घरे वर उडी मारतो. ‘आय’साठी या पद्धतीत वेगळा तक्ता आहे, आणि तो जोडायला विसरल्यास काठी भिंतीजवळ अवचित अडकते.

तिसरा प्रश्न वेळेचा. निन्टेंडोच्या त्या आवृत्तीत यासाठी वेगळा काळच ठेवलेला नव्हता. तुकड्याची पुढच्या ओळीत पडण्याची वेळ आली आणि जागा नसली की तो तिथेच पक्का होई. पहिल्या पातळीवर एक ओळ पडायला 48 फ्रेम लागत, सेकंदाला साधारण 60 फ्रेम धरल्या तर पाऊण सेकंदाहून जास्त. अठराव्या पातळीवर तीनच फ्रेम उरत, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. वेग वाढला की टेकलेला तुकडा सरकवायला सवडच मिळत नसे. लॉक डिले पडण्याचा वेग आणि पक्के होण्याची वेळ यांची फारकत करतो. तुकडा कितीही वेगाने पडो, टेकल्यावर ठरावीक वेळ मिळते. ‘ग्रँड मास्टर’मध्ये ती 30 फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद होती, आणि म्हणूनच त्या खेळात तुकडा क्षणात तळाला गेला तरी खेळता येते. अर्धा सेकंद हा आकडा आजही चांगला आहे. घाई असलेल्याला तो जाचत नाही, कारण तुकडा झटक्यात सोडण्याचे बटण दिलेले असले तर त्याने तुकडा तत्काळ पक्का होतो.

हे घड्याळ पुन्हा शून्यावर कधी आणायचे, हा मात्र कठीण भाग. तुकडा एक ओळ खाली उतरला तरच आणायचे, हा ‘ग्रँड मास्टर’चा कडक नियम. दर हालचालीला आणले तर ‘टेट्रिस वर्ल्ड्स’मध्ये झाले तसे होते: बटण दाबत राहिले की तुकडा कधीच पक्का होत नाही आणि खेळाडू हवा तेवढा वेळ विचार करत बसतो. नंतर रूढ झालेला तोडगा असा की हालचालीने घड्याळ शून्यावर येते, पण अशा 15 हालचालींपर्यंतच. तुकडा नव्या ओळीत उतरला की मोजणी पुन्हा सुरू होते.

रोटेशन आणि लॉक डिले यांची गाठ इथे पडते. सुपर रोटेशनमध्ये वळवलेला तुकडा कधी कधी वर उचलला जातो आणि मग पुन्हा एक ओळ पडतो. प्रोग्रामने त्या पडण्यालाच ‘खाली उतरला’ मानले तर 15 ची मोजणी दर वेळी नव्याने सुरू होते आणि तुकडा एकाच जागी अखंड नाचत राहतो. म्हणून त्या तुकड्याने आतापर्यंत गाठलेली सर्वांत खालची ओळ लक्षात ठेवावी लागते आणि तिच्याही खाली गेला तरच मोजणी पुसायची. 1998 सालच्या ‘ग्रँड मास्टर’मध्ये वर उचलणाऱ्या किक नव्हत्या, त्यामुळे तिथे साधा नियम पुरला. एका खेळाचे फिरणे आणि दुसऱ्याची वेळ असे जोडकाम करताना नेमके इथेच फसायला होते. मोबाइल किंवा कीबोर्डवर सर्वांसाठी खेळ करायचा असेल तर सातांची बॅग, सुपर रोटेशन आणि 15 हालचालींची मर्यादा असलेला अर्धा सेकंद, हा संच एकत्रच घ्यावा. जुन्या धाटणीचा संथ, कठोर खेळ हवा असेल तर किकही नको आणि घड्याळ शून्यावर आणणेही नको.

हा अर्धा सेकंद सेकंदातच मोजावा, फ्रेममध्ये नाही. 120 हर्ट्झच्या पडद्यावर 30 फ्रेम पाव सेकंदातच संपतात. आणि वेळ संपली तरी तुकडा पक्का करण्याआधी त्याच्याखाली खरोखर आधार आहे का ते पुन्हा पाहावे. शेवटच्या क्षणी कडेवरून बाजूला सरकवलेला तुकडा हवेतच थिजला, तर ही तपासणी राहून गेलेली असते.