थ्री वायर पद्धत: वायर चुकली की चांगला रॉडही नापास होतो

माझ्या प्रयोगातल्या छोट्या हायड्रॉलिक प्रेसला चार टाय रॉड हवे होते, आटे एम २० बाय २.५. दिवाळीत बोरी अरबला घरी गेलो होतो, तेव्हा गावातल्याच एका लेथवाल्या काकांकडून ते करून घेतले. काका म्हणाले, "डायनं नाही जमत हे, लेथवरच आटे पाडा लागते." रॉड घेऊन लॅबमध्ये आलो, मोजले, आणि पहिलाच रॉड नापास झाला. दुसऱ्या दिवशी वायर बदलून तोच रॉड मोजला, तर पास! रॉड तोच, मायक्रोमीटर तोच, मोजणारा मीच. मग फरक कुठून आला? आजची पोस्ट त्यावरच आहे.

मोजायचं काय आणि कसं?

बोल्टचा बाहेरचा व्यास सरळ मायक्रोमीटरने मिळतो, पण नट कसा बसेल ते ठरवतो पिच डायमीटर. आट्यांना मधोमध कापणारं एक काल्पनिक सिलिंडर डोळ्यांसमोर आणा, असं की त्याच्यावर आट्याची जाडी आणि खाचेची रुंदी सारखीच भरेल, म्हणजे दोन्ही पिचच्या निम्म्या. त्या सिलिंडरचा व्यास म्हणजे पिच डायमीटर. मायक्रोमीटर तिथे पोचत नाही. म्हणून एकाच मापाच्या तीन घासलेल्या, कडक केलेल्या वायर खाचांत बसवायच्या: एका बाजूला शेजारशेजारच्या दोन खाचांत दोन, समोरच्या बाजूला एक. एकीकडे दोन असल्यामुळे मायक्रोमीटरचा चपटा जबडा तिरका होत नाही. मग वायरवरून माप घ्यायचं, त्याला M म्हणू. वायरचा व्यास d, पिच P आणि पिच डायमीटर E, तर ६० अंशांच्या आट्यासाठी:

```
E = M - 3d + 0.866 P
```

सूत्रातला d च्या मागचा ३ लक्षात ठेवा. वायरचं माप २ मायक्रॉनने चुकीचं धरलं, तर उत्तर ६ मायक्रॉनने चुकतं. म्हणून डबीवर छापलेला आकडा न वापरता वायरच्या कॅलिब्रेशनचा आकडा वापरायचा.

माझ्या रॉडचे आकडे

एम २० बाय २.५ च्या बोल्टला ६जी टॉलरन्समध्ये पिच डायमीटर १८.१६४ ते १८.३३४ मिमी चालतो. हाताशी १.६५० मिमीच्या वायर होत्या. त्या खाचेत नीट बसत होत्या, आट्याच्या टोकांच्या वर येत होत्या, कुठे अडकत नव्हत्या. M आलं २०.९४३. ३d म्हणजे ४.९५०, आणि ०.८६६ गुणिले २.५ म्हणजे २.१६५. उत्तर १८.१५८ मिमी. खालच्या मर्यादेपेक्षा ६ मायक्रॉन कमी, म्हणजे नापास.

दुसऱ्या दिवशी १.४४३४ मिमीच्या वायर मिळाल्या. M आलं २०.३३६. ३d म्हणजे ४.३३०. उत्तर १८.१७१ मिमी, मर्यादेच्या आत. दोन उत्तरांत १३ मायक्रॉनचा फरक.

गडबड सूत्राच्या गृहीतकात

वरचं सूत्र आट्याचा कोन नेमका ६० अंश आहे असं धरून चालतं. अर्धा कोन α ठेवून मूळ सूत्र असं:

```
M = E + d (1 + 1/sin α) - (P/2) cot α
```

आता α थोडा बदलला तर M किती बदलेल? α च्या सापेक्ष विकलन करा. वर P/2 − d cos α उरतं, खाली sin² α. म्हणजे वरची राशी शून्य केली की कोनातल्या छोट्या चुकीचा M वर परिणामच होत नाही. त्यासाठीचा व्यास:

```
d = P / (2 cos α)
```

α ३० अंश धरला की d = 0.57735 P. हीच 'बेस्ट वायर'. २.५ च्या पिचला ती १.४४३४ मिमी येते.

हे चित्रातही दिसतं. बेस्ट वायर आट्याच्या उताराला बरोबर पिच डायमीटरच्या रेषेवरच टेकते. उतार त्या बिंदूभोवती किंचित फिरला तरी बिंदू जागेवरच राहतो, म्हणून वायरही जवळपास हलत नाही. १.६५ ची वायर मात्र त्या रेषेच्या सुमारे ०.१५५ मिमी बाहेर टेकते. तिथे उतार फिरला की टेकण्याची जागा सरकते, आणि M खोटं बोलू लागतं.

माझ्या रॉडमध्ये नेमकं हेच होतं. α ३१ अंश धरून हिशेब केला, तर १.६५ ची वायर उत्तर सुमारे १२ मायक्रॉनने कमी दाखवते, आणि बेस्ट वायर अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी चुकते. मिळालेला फरक याच्याशी जुळतो. म्हणजे आट्याचा पूर्ण कोन सुमारे ६२ अंश होता. टूल ग्राइंडरवर हाताने घासलेलं होतं, त्यामुळे दोन अंश इकडेतिकडे होणं नवल नाही.

मग शहाणपण काय?

एकाच वायरच्या मापावर कोनाची चूक कळत नाही. दोन वेगळ्या मापांच्या वायरने मोजा. उत्तरं जुळली तर कोनाची फारशी काळजी नको. मोठी वायर कमी उत्तर देत असेल तर कोन जास्त आहे, जास्त उत्तर देत असेल तर कोन कमी. कोणतं उत्तर मानायचं? बेस्ट वायरचं.

पण दोन मर्यादा आहेत. टूल तिरकं लागून एक उतार ३१ आणि दुसरा २९ अंशांचा झाला, तर दोन्ही चुका एकमेकींना जवळपास खाऊन टाकतात आणि ही युक्ती फसते. तिथे प्रोफाइल प्रोजेक्टरच हवा. दुसरं, पिच डायमीटर मर्यादेत असला म्हणजे नट बसेलच असं नाही. कोन आणि पिच चुकले तर बोल्ट नटाला प्रत्यक्षापेक्षा जाड 'वाटतो'. ते गो रिंग गेजच सांगतं. माझे चारही रॉड त्यात गेले.

शिवाय आटे तिरके चढत जातात, म्हणून वायर खाचेत किंचित वर बसते. माझ्या रॉडला त्याची दुरुस्ती सुमारे २ मायक्रॉन, ती वजा केली की १८.१६९. अजूनही आत, पण मर्यादेपासून फक्त ५ मायक्रॉन. मायक्रोमीटर आणि वायरची अनिश्चितता मिळून तेवढी सहज होते. म्हणून वहीत मी 'पास' एवढंच लिहिलं नाही. वायरचा व्यास, तिन्ही जागांची मापं आणि 'मर्यादेच्या काठावर' असा शेराही लिहिला. तुमच्या वहीतही M शेजारी d लिहिलेला नसेल, तर ते माप नंतर कुणालाच तपासता येणार नाही.