पुरण आटलं, हे कागदावर कसं लिहायचं?

पुरणपोळीचा दहा-बारा मिनिटांचा व्हिडिओ समोर ठेवून कृती लिहायला बसलं की सुरुवातीचा कागद भराभर भरतो. एक वाटी चणाडाळ, एक वाटी चिरलेला गूळ, दीड वाटी कणीक, चिमूटभर हळद, वेलची, जायफळ. डाळ कुकरला शिजवून चाळणीवर निथळली आणि खाली उतरलेला कट आमटीसाठी बाजूला ठेवला, इथपर्यंत काही अडत नाही. मग कढईत डाळ आणि गूळ एकत्र होतात. गूळ विरघळून सगळं पातळ होतं, बुडबुडे येतात, आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर घट्ट, कढईच्या कडा सोडणारं पुरण दिसतं. मधली दहा-पंधरा मिनिटं संकलनात गेली. पोळी फुटणार की नाही, हे मात्र त्याच मिनिटांत ठरलेलं असतं.

म्हणून व्हिडिओवरून कृती उतरवताना मी पहिल्यांदा हातात पेन घेत नाही. तो अखंड पाहायचा आणि कुठे कुठे वेळ गाळला आहे एवढंच हेरायचं. भांड्याची आतली बाजू खूप काही सांगते. मिश्रण आधी कुठवर होतं त्याची रेघ कढईला राहते, आणि नंतरच्या चित्रात पुरण त्या रेघेच्या किती खाली आहे यावरून ते किती आटलं याचा अंदाज येतो. पृष्ठभागही पाहावा. पातळ पुरण चकचकीत दिसतं, आटलेलं मंद दिसतं आणि उलथन्याने ओढलं की मागे वाट राहते.

दुसऱ्यांदा पाहताना प्रमाणं घ्यायची. करणारी बाई वाटीचं माप सांगते, पण ती वाटी केवढी हे सांगत नाही. इथे घाबरायचं कारण नाही, कारण डाळ आणि गूळ तिने एकाच वाटीने घेतलेले असतात आणि पुरणाला महत्त्व प्रमाणाचं आहे. अडचण गुळाची आहे. किसलेला गूळ वाटीत हलक्या हाताने भरला आणि तोच दाबून भरला, तर तीस-चाळीस ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि गूळ जास्त झाला की पुरण आटायला वेळ लागतो, शिवाय गार झाल्यावर चिवट होतं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं, तेव्हापासून वाटी-चमच्याचं माप मराठी घरांच्या अंगवळणी पडलं आहे, आणि ते सोडावं असं मला मुळीच वाटत नाही. फक्त गुळापुढे वजनही लिहावं.

वजन कळलं नाही तर उलट हिशेब करता येतो. समजा, व्हिडिओच्या शेवटी ताटात पुरणाचे दहा गोळे दिसतात. २०० ग्रॅम चणाडाळ शिजून निथळली की साधारण दुप्पट, म्हणजे ४०० ग्रॅमच्या थोडी वर भरते. त्यात २०० ग्रॅम गूळ घातला की सव्वासहाशेच्या आसपास होतात, आणि आटताना पाणी उडून ५५० ते ५८० ग्रॅम पुरण उरतं. दहा पोळ्यांना वाटलं तर प्रत्येकी ५५ ग्रॅमच्या जवळपास, आणि मोठ्या लिंबाएवढा पुरणाचा गोळा साधारण इतकाच भरतो. कणकेची गोळी पुरणाच्या निम्मी दिसते, म्हणजे अंदाजे तीस ग्रॅम. दहा पोळ्यांना ३०० ग्रॅम भिजवलेली कणीक, आणि त्यासाठी पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम पीठ. एवढा हिशेब जुळला की वाटीचा अंदाज बरोबर होता असं समजावं. जुळला नाही तर बहुधा पुरण आधीच्या खेपेचं होतं किंवा कॅमेऱ्यामागे थोडं उरलं होतं.

आता ती गाळलेली मिनिटं. इथे बहुतेक लिहिणारे ‘मध्यम आचेवर पंधरा मिनिटं शिजवा’ असं लिहून मोकळे होतात, आणि मला हे सर्वांत घातक वाटतं. पसरट, जाड बुडाच्या कढईत जे पुरण दहा-बारा मिनिटांत आटतं, तेच उभट पातेल्यात वीस मिनिटं घेतं. डाळ नीट निथळली नसेल तर आणखी जास्त. म्हणून आधी खूण लिहावी आणि मग मिनिटं. मी असं लिहीन: ‘गूळ घातल्यावर मिश्रण पातळ होईल, घाबरू नये. आधी ते एकसारखं रटरटेल. दाट होऊ लागलं की बुडबुडे जड होतील आणि गरम शिंतोडे हातावर उडतील, तेव्हा आच कमी करावी आणि तळ खरवडत ढवळावं. मधोमध उभा केलेला डाव पडला नाही की उतरवावं. कढईनुसार याला दहा ते वीस मिनिटं लागतात.’ आणखी एक वाक्य लागतंच: ‘पुरण गार झाल्यावर आणखी घट्ट होतं, त्यामुळे ते कोरडं होईपर्यंत आटवू नये. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावं, गार झालेलं पुरण यंत्रातून नीट उतरत नाही.’

रटरट हा शब्द मी घातला, पण तो व्हिडिओत ऐकू येत नाही. त्यावर संगीत असतं. जुन्या हातांना पुरणाची अवस्था पाठमोरं उभं असताना आवाजावरून कळते, आणि ती खूण चित्रातही नाही, कागदावरही अर्धीच येते. वासाचंही तेच. गूळ तळाला धरू लागला की आधी वास बदलतो, मग रंग.

कणकेबाबत शब्दांना थोडं तरी यश येतं. ‘पोळीच्या कणकेपेक्षा सैल, तेल लावून तिंबलेली, झाकून तासभर ठेवलेली’ इतकं लिहिता येतं, पण खरी गोष्ट कणीक आणि पुरण यांच्यातल्या मेळाची आहे. दोन्ही बोटाने दाबल्यावर जवळपास सारखीच मऊ लागायला हवीत. पुरण सैल असेल तर लाटताना ते कुठेतरी बाहेर येतं, तव्यावर गूळ चिकटून काळे डाग पडतात. पुरण कोरडं असेल तर ते कडेपर्यंत सरकत नाही, मधे फुगीर आणि कडेला नुसती कणीक राहते. सैल पुरण पुन्हा कढईत टाकून आटवता येतं, कोरड्यावर दुधाचा हबका मारून ते मळता येतं. व्हिडिओत या दोन्ही गोष्टी कधी दिसत नाहीत, कारण तिथे पोळी पहिल्याच खेपेला टम्म फुगते. लिहिलेल्या कृतीत मात्र त्यांना जागा द्यायला हवी. कागदाचा हा फायदा व्हिडिओला नाही.

लाटण्यापुढे मात्र मी थांबते. तांदळाच्या पिठीवर, कडेकडेने, हलक्या हाताने, हे लिहिता येतं. पण लाटणं मध्यावरून जाताना हात किती सैल सोडायचा आणि पोळी उचलताना ती लाटण्यावर कशी घ्यायची, हे पाहूनच येतं. तिथे कृतीत सरळ लिहावं की व्हिडिओ अमुक मिनिटापासून अमुक मिनिटापर्यंत पाहावा, वेग अर्धा करून. आणि शेजारी एक गोष्ट आठवणीने नोंदवावी: करणारी बाई कुठली. खानदेशात मांडे लाटण्याऐवजी हातावर पसरवून खापरावर भाजतात, त्यामुळे तिथल्या व्हिडिओतलं कणकेचं प्रमाण तव्यावरच्या पोळीला लावलं तर कणीक हाताला चिकटेल आणि चूक कुठे झाली ते वाचणाऱ्याला कळणार नाही.