सभेची तारीख आणि निबंधकाचे घड्याळ

छोट्या खासगी कंपनीला दरवर्षी कंपनी निबंधकाकडे, म्हणजे व्यवहारातल्या ‘आरओसी’कडे, मुख्यतः दोन फॉर्म भरावे लागतात. AOC-4 मध्ये लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकाचा आणि संचालकांचा अहवाल जातो. MGT-7A हे वार्षिक विवरणपत्र. भागधारक कोण, कोणाकडे किती शेअर, संचालक कोण, वर्षभरात काय बदलले, हे त्यात असते.

दोन्हींची मुदत वार्षिक सर्वसाधारण सभेपासून मोजतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपले की सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. नव्या कंपनीला पहिल्या सभेसाठी मात्र पहिले आर्थिक वर्ष संपल्यापासून ९ महिने मिळतात. सभेनंतर ३० दिवसांत AOC-4 आणि ६० दिवसांत MGT-7A. सभाच घेतली नाही तर मुदत थांबेल असे काही जण धरून चालतात, पण कायदा तेव्हा सभेच्या शेवटच्या तारखेपासून दिवस मोजतो.

समजा, २ लाख रुपये अधिकृत भांडवलाच्या कंपनीची सभा २० सप्टेंबरला झाली. AOC-4 ची शेवटची तारीख २० ऑक्टोबर, MGT-7A ची १९ नोव्हेंबर. वेळेत भरल्यास प्रत्येकी ३०० रुपये शुल्क. सीएकडून हिशेब यायला उशीर झाला, त्यातच सहीसाठी बसल्यावर संचालकाच्या डिजिटल सहीची मुदत संपल्याचे कळले आणि दोन्ही फॉर्म २८ जानेवारीला गेले, तर पहिल्याला १०० आणि दुसऱ्याला ७० दिवसांचा उशीर झाला. जादा शुल्क प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, म्हणजे १०,००० आणि ७,००० रुपये. मूळ शुल्क अवघे ६०० आणि वर १७,०००! या जादा शुल्काला कमाल मर्यादा नाही, आणि ते भरले म्हणून कायद्यातला दंड आपोआप टळत नाही.

सर्वात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘धंदाच झाला नाही, मग भरायचे काय?’ उलाढाल शून्य असली तरी हिशेब, लेखापरीक्षण आणि दोन्ही फॉर्म चुकत नाहीत. प्राप्तिकर विवरणपत्र भरल्यानेही भागत नाही, कारण ते खाते वेगळे. सलग ३ आर्थिक वर्षांचे हिशेब किंवा विवरणपत्र दाखल झाले नाही, तर संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतो. अशा वेळी त्याला दुसऱ्या कंपनीतही नव्याने संचालक होता येत नाही.

काम सीएकडे सोपवले तरी जबाबदारी संचालकाचीच राहते. म्हणून फॉर्म भरल्याची पावती, ज्यावर एसआरएन क्रमांक असतो, ती दरवर्षी मागून घ्यावी.