अठ्ठेचाळीस आकडे कुणाच्या खात्यात?

परवा पुतणीचा रात्री फोन आला. लॅपटॉपचं बायोस अपडेट झालं आणि पुन्हा सुरू करताना निळा पडदा आला: ‘बिटलॉकर रिकव्हरी’. तिथे की मागितली होती. तिने रोजचा पिन टाकून पाहिला, तो चालला नाही. चालणारही नव्हता, कारण इथे लागते ती ४८ आकड्यांची वेगळीच किल्ली.

विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि तिची रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. एरवी मशीनमधली टीपीएम चिप डिस्क गुपचूप उघडून देते. बायोस बदललं, सिक्युअर बूटची सेटिंग हलली किंवा मदरबोर्ड बदलला, की चिपला मशीन ओळखीचं वाटत नाही. मग ती अडून बसते.

मी तिला दुसऱ्या फोनवरून हा पत्ता उघडायला सांगितला:

```
https://aka.ms/myrecoverykey
```

तिने स्वतःच्या खात्याने साइन इन केलं, पण तिथे एकही की नव्हती. इथेच बहुतेक जण धीर सोडतात. मी विचारलं, “लॅपटॉप नवा आणला तेव्हा सेटअप कुणी केला होता?” “बाबांनी.” बाबांचं खातं उघडलं तर दोन किल्ल्या दिसल्या.

दोन्हींतली नेमकी कुठली, हे ठरवायला Key ID असतो. निळ्या पडद्यावर तो लांबलचक दिसतो, पण खात्यातल्या यादीशी त्याची पहिली आठ अक्षरं जुळवली की पुरतं. एक की जुन्या लॅपटॉपची निघाली, दुसरीची अक्षरं जुळली.

मग बाबा फोनवर आकडे सांगू लागले. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. १२३४५३ ला जातो, १२३४५६ ला जात नाही. त्यामुळे ऐकताना आकडा चुकला असेल, तर कुठल्या गटात चुकला ते बहुधा कागदावरच कळतं. पाचव्या गटात तिची चूक निघाली. ती सुधारली आणि विंडोज सुरू झालं.

लॅपटॉप ऑफिसचा किंवा कॉलेजचा असेल, तर की त्या संस्थेच्या खात्यात असू शकते. अशा वेळी तिथल्या आयटी विभागाला विचारावं. पण की कुठेच सापडली नाही, तर मायक्रोसॉफ्टसुद्धा ती नव्याने देऊ शकत नाही. मशीन रीसेट करता येतं, मात्र डिस्कवरच्या फाइल्स जातात.

लॅपटॉप चालू झाल्यावर पुतणीने की कागदावर उतरवली, वर Key ID ची आठ अक्षरं लिहिली आणि कागद बिलाच्या फाइलमध्ये ठेवला. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवला नाही, कारण बॅग चोरीला गेली तर कुलूप आणि किल्ली एकदमच जातील.