कात्री, छाटणी आणि बचत : अर्थसंकल्पी वृत्तांतातील क्रियापदांविषयी

अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी आपले कार्यकर्ते वर्तमानपत्र उघडतात ते आकड्यांसाठी. माझे म्हणणे असे की, आकड्याच्या आधी क्रियापद वाचावे. आकडा सरकारी पुस्तकातून जसाच्या तसा उचललेला असतो. क्रियापद मात्र कोणीतरी निवडलेले असते. आणि ती निवड करताना त्या माणसाने कोणाच्या बाजूला उभे राहून पाहिले, हे त्यातून कळते.

आपल्या सर्वांच्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; आपली मुले तिला नुसते ‘भारत सरकार’ म्हणतात. 2018-19 च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी 3,000 कोटी रुपये होते. वर्ष सरत आले तेव्हा सुधारित अंदाजात ही रक्कम सुमारे 6,000 कोटींवर गेली. 2019-20 साठी मात्र तरतूद झाली ती सुमारे 2,927 कोटींची.

आता या तीन आकड्यांवरून बातमी लिहायची आहे. एक वार्ताहर अर्थसंकल्पाची तुलना अर्थसंकल्पाशी करील. 3,000 चे 2,927 झाले, म्हणजे शंभरामागे अडीच रुपयेही गेले नाहीत. तो लिहील, ‘तरतूद किंचित कमी केली’. इंग्रजी पत्राचा असेल तर ‘ट्रिम’ म्हणेल. दुसरा वार्ताहर सुधारित अंदाजाशी तुलना करील. 6,000 चे 2,927, म्हणजे निम्म्याहून अधिक गेले. त्याचा मथळा असेल, ‘शिष्यवृत्तीवर कुऱ्हाड’, आणि इंग्रजीत ‘स्लॅश’. दोघांपैकी खोटे कोण बोलले? कोणीच नाही. योजना एक, वर्ष एक, आकडा एक. पण एका क्रियापदाने न्हाव्याची कात्री हाती घेतली आणि दुसऱ्याने लाकूडतोड्याचे हत्यार.

मग खरे कोणते मानायचे? यासाठी 6,000 कोटी कशाने झाले ते पाहावे लागते. या योजनेत एक जुना नियम होता. पंचवार्षिक योजना संपली की तिच्या शेवटच्या वर्षी जेवढी मागणी होती तेवढा बोजा पुढे राज्यांनी उचलायचा, आणि त्यावरचा खर्च केंद्राने द्यायचा. बारावी पंचवार्षिक योजना मार्च 2017 मध्ये संपली आणि या नियमाने राज्यांच्या डोक्यावरचा भार एकदम वाढला. त्यातच केंद्राकडे राज्यांची मागील वर्षांची थकबाकी साचलेली होती. 2018-19 मधली वाढ मुख्यतः त्या थकबाकीपोटी होती. म्हणजे ‘किंचित कमी’ म्हणणारा वार्ताहर थकबाकीचे सगळे प्रकरणच झाकून टाकतो. आणि ‘कुऱ्हाड’ म्हणणारा एका वर्षाच्या देणे-फेडीला नेहमीची पातळी समजतो. पत्रक काढायचे झाले तर मी असे लिहीन : ‘थकबाकी फेडण्यासाठी गेल्या वर्षी वाढवलेली रक्कम यंदा पुन्हा मूळ पातळीच्याही थोडी खाली आणली.’ वाक्य लांब आहे आणि मथळ्यात बसत नाही, हे मान्य. पण अधिकाऱ्यासमोर बसल्यावर ते खोडून काढता येत नाही. ‘कुऱ्हाड’ एका मिनिटात खोडता येते.

इंग्रजीत या क्रियेसाठी शब्दांची एक उतरंडच आहे. ‘ट्रिम’ म्हणजे केस किंवा कुंपण नीटनेटके करणे. ज्याचे कमी झाले त्याचे रूप सुधारले, असा त्यात गर्भितार्थ आहे. ‘लोअर’ हा पट्टीवरचा शब्द. व्याजाचा दर, कराचा दर, तुटीचे प्रमाण, असे जे वर-खाली होते त्याला तो लागतो आणि त्यात राग-लोभ नसतो. ‘कर्टेल’ चालू असलेल्या गोष्टीला मध्येच आखूड करतो. अधिवेशन, दौरा, हक्क ‘कर्टेल’ होतात. (या शब्दाचे मूळ शेपूट छाटलेल्या घोड्याच्या जुन्या नावात आहे, हे वाचल्यापासून मला तो शब्द विसरता आलेला नाही.) ‘स्लॅश’ मध्ये तर उघड वार आहे. हे चारही शब्द तारेवरून आपल्या मराठी पत्रांत येतात तेव्हा भाषांतराच्या टेबलावर चौघांचा मिळून बहुधा एकच शब्द होतो : कपात. अडीच टक्केही कपात आणि पन्नास टक्केही कपात.

वास्तविक मराठी काही दरिद्री नाही. हात आखडता घेणे, कात्री लावणे, छाटणे, आवर घालणे, घटवणे, उतरवणे, आटणे, असे कितीतरी शब्द आपल्याजवळ आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. ‘हात आखडता घेतला’ म्हटले की देणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण त्याबरोबर असेही सूचित होते की देणे ही त्याची मर्जी होती. हक्काच्या पैशाला हा वाक्प्रचार लावू नये, असे मला वाटते. ‘कात्री लावली’ मध्ये कापणारा आहे, परंतु कापड त्याच्या मालकीचे असावे असा भास होतो. ‘छाटणे’ हा माळ्याचा शब्द. फांदी छाटली की झाड फोफावते, म्हणून ‘अनावश्यक खर्च छाटला’ हे वाक्य वाचताना आपण नकळत मान डोलावतो आणि कोणाचा खर्च अनावश्यक ठरला हे विचारायचे राहून जाते. ‘खर्चाला आवर घातला’ मध्ये तर खर्च करणाराच उधळ्या ठरतो.

या सगळ्यांत मला सर्वांत धोक्याचे वाटते ते सौम्य दिसणारे ‘घट झाली’. ‘तरतुदीत घट झाली’, ‘निधी घटला’, ‘निधी आटला’. विहीर आटते तसा निधी आटला! पाऊस पडला नाही, त्याला कोण काय करणार? या वाक्यांत कर्ताच नाही. तरतूद आपोआप घटत नसते. एका विभागाने मागणी केलेली असते, दुसऱ्याने ती कापलेली असते, आणि त्या कागदावर सही असते. कार्यकर्त्याने अशी बातमी वाचताना ‘घटली’ च्या जागी ‘घटवली’ घालून पाहावे. लगेच ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो.

कपात कशाची, यावरही सूर फिरतो. 20 सप्टेंबर 2019 रोजी देशी कंपन्यांच्या प्राप्तिकराचा मूळ दर, इतर सवलती न घेण्याच्या अटीवर, 22 टक्क्यांवर आणला गेला. वर्षाला सुमारे 1 लाख 45 हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, असे सरकारनेच सांगितले. हीदेखील कपातच. पण तिला ‘सवलत’, ‘दिलासा’, ‘चालना’ असे शब्द मिळाले. सरकारी उत्पन्नाला कुऱ्हाड लागली, असे कोणी म्हणाले नाही.

आता ज्या शब्दांत कमी करण्याचा उल्लेखच नाही, त्यांच्याकडे वळतो. आपल्या दृष्टीने खरी हानी येथे आहे. मंजूर झालेला पैसा वर्षअखेर खर्च झाला नाही तर हिशेबाच्या भाषेत त्याला ‘बचत’ म्हणतात. महालेखापालांचे अहवाल काढून पाहा. अनुदानाखाली ‘बचत’ असा रकाना असतो. वसतिगृह बांधले गेले नाही, तर ती झाली बचत. घरात काटकसर करून चार पैसे बाजूला टाकणाऱ्या आईचा शब्द, न उभारलेल्या भिंतीला! आणि तो न वापरलेला पैसा मार्चअखेर विभाग वित्त खात्याला परत करतो, तेव्हा निधी ‘समर्पित’ केला असे लिहितात. तांत्रिक शब्द आहे, मान्य. पण ज्याचा पैसा समर्पित झाला त्याला कोणी विचारलेले नसते.

तिसरा शब्द ‘वळवणे’. मे 2025 मध्ये महाराष्ट्रात सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याच्या बातम्या आल्या. पाणी वळवतात तेव्हा ते एका शेतातून निघून दुसऱ्यात जाते. पहिले शेत कोरडे पडले हे बातमीत येतेच असे नाही. येथे युक्तिवाद असा असतो की त्या योजनेच्या लाभार्थ्यांतही अनुसूचित जातींच्या स्त्रिया आहेत. म्हणून ‘कमी केले’ हे क्रियापद वापरताच येत नाही; एकूण बेरीज तेवढीच राहते.

आणि एक कपात अशी, की तिला क्रियापदच नाही. याच शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा 2013 मध्ये वर्षाला अडीच लाख रुपये झाली. 2021 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांतही ती अडीच लाखच राहिली. शब्द काय, तर ‘कायम ठेवली’. मधल्या आठ वर्षांत मजुरी आणि महागाई दोन्ही वाढल्या. रुपयांतले उत्पन्न वाढून पण परिस्थिती तीच राहून कित्येक घरे रेषेबाहेर गेली. कोणी काही कापले नाही, म्हणून बातमीही झाली नाही.

डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने जुना नियम काढून 60 आणि 40 असा वाटा ठरवला. हा बदल चांगलाच झाला, याविषयी माझे दुमत नाही. पण तेव्हाच्या सरकारी निवेदनात केंद्राची मदत ‘पाच पटींहून अधिक’ वाढणार असे होते. 2017-18 ते 2019-20 या काळात ती वर्षाला सुमारे 1,100 कोटी होती आणि पुढे सुमारे 6,000 कोटी होईल, असा तो हिशेब. आपण वर पाहिले की याच काळातल्या एका वर्षाचा सुधारित अंदाज सुमारे 6,000 कोटी होता! थकबाकी मोजायची की नाही, यावर पाया बदलतो. कमी करण्याच्या क्रियापदाला जी परीक्षा लावायची, तीच वाढवण्याच्या क्रियापदालाही लावली पाहिजे.

परीक्षा तशी सोपी आहे. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक योजनेपुढे चार रकाने असतात : दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. बातमीतले क्रियापद कोणत्या दोन रकान्यांवर उभे आहे ते पेन्सिलीने जोडावे. सुधारित अंदाज अर्थसंकल्पाहून कमी दिसला, तर ती वर्षाच्या पोटात झालेली कपात. पहिल्या दिवसाच्या गाजलेल्या घोषणेनंतरची आणि बहुधा मथळा न मिळालेली. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा दोन वर्षांनी येतो, तेव्हा तो पाहायला कोणी थांबलेले नसते. आपण थांबावे.

जाता जाता सभागृहातली गंमत. संविधानाच्या कलम 113 नुसार लोकसभेला अनुदानाची मागणी मान्य करता येते, नाकारता येते किंवा कमी करता येते; वाढवता येत नाही. विधानसभेला कलम 203 ने तेच बंधन आहे. त्यामुळे वसतिगृहांना अधिक पैसा द्या म्हणणाऱ्या लोकसभा सदस्यालादेखील कपात सूचनाच द्यावी लागते. एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर सूचनेचा मसुदा ठरलेला असतो : मागणीची रक्कम शंभर रुपयांनी कमी करण्यात यावी. धोरणच नापसंत असेल तर रक्कम एक रुपयापर्यंत कमी करण्यात यावी. ‘शंभर रुपयांनी’ आणि ‘एक रुपयापर्यंत’ या दोन प्रत्ययांत केवढे अंतर आहे! आपल्या भागातल्या सदस्याने समाजकल्याणाच्या मागणीवर कपात सूचना दिल्याची बातमी वाचून संतापण्याआधी, त्या सूचनेत ‘नी’ आहे की ‘पर्यंत’, आणि तिच्याखाली तक्रार काय लिहिली आहे, ते मागवून पाहावे.